चौतीस

गणिताच्या मिडटर्मचा पेपर हातात आला तेव्हा मृण्मयीने आधी बेरीज तपासली. तीसपैकी नऊ. बेरीज बरोबर होती.

कॉलेज रोडवरून पंचवटीला जाणाऱ्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. तिने वहीचं शेवटचं पान काढलं. असाइनमेंटचे वीसपैकी सतरा हातात होते. नऊ आणि सतरा, सव्वीस. शेवटची परीक्षा पन्नासची. पास व्हायला एकूण चाळीस, म्हणजे चौदा पुरले असते. पण शेवटच्या पेपरात वेगळे वीस लागतातच, तेव्हा खरी किमान रेषा वीस. आणि तिला हवे होते साठ. साठ वजा सव्वीस, चौतीस.

चौतीस! दुपारपासून छातीत जे गच्च बसलं होतं, त्याला आता आकडा मिळाला होता.

पाच युनिट, प्रत्येकी दहा गुण. लाप्लासमध्ये चारच धरले, तर उरलेल्या चारांत तीस. सरासरी साडेसात. मॅट्रिक्समध्ये नऊ येतील, हे तिला मनापासून वाटत होतं. इंटिग्रेशनला मात्र सराव हवाच.

घरी आई म्हणाली, "किती मिळाले गं?"

"नऊ. आता चौतीस लागतील."

"जमतील?"

"लाप्लास सोडून बाकी जमेल. पण आई, पहाटे पाचला उठव. हाक मारून नाही, पांघरूण ओढून."

आईने विचारलं, "उद्यापासूनच?"

"उद्यापासूनच," ती म्हणाली आणि इंटिग्रेशनचं पुस्तक शोधायला लागली.