अप्पांच्या वह्यांचे फोटो कसे काढायचे

प्रिय आत्या,

तू परवा पाठवलेली दोन पानं मिळाली. अप्पांचं अक्षर इतक्या वर्षांनी बघून फार बरं वाटलं. फक्त त्यावरून टाइप करताना अर्धे शब्द अंदाजाने भरावे लागतील, आणि अप्पांच्या लिखाणात माझे अंदाज नकोत. म्हणून फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहितेय. घाई काहीच नाही, रोज जमतील तेवढीच पानं कर.

सगळी मेख अनुस्वारात आहे. या वह्या १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या. अप्पा ‘घरांत’, ‘नाहीं’ असंच लिहायचे. ‘ती गेली’ म्हणजे एकटी बाई आणि ‘तीं गेलीं’ म्हणजे मुलं, हे त्या टिंबांवरूनच ठरतं. मला सगळं त्यांनी लिहिलंय तसंच ठेवायचंय. फोटो जरा हलला की पहिल्यांदा टिंबं जातात, मग रफार. त्यात त्यांचा ‘ख’ म्हणजे सुटा ‘र’ आणि ‘व’, तर १ आणि ९ जुळे भाऊ. तारखांचा तर पार घोळ होईल.

तेव्हा फोटो दिवसाउजेडीच काढ. खिडकीजवळ टेबल घे, पण पानावर थेट ऊन नको. खिडकी तुझ्या डाव्या किंवा उजव्या हाताला असू दे. पाठीमागे असली तर तुझीच सावली पानावर पडते, परवा तेच झालंय. डोक्यावरचा दिवा बंद कर आणि फ्लॅशही बंद ठेव. फ्लॅशने मधोमध पांढरा डाग पडतो आणि त्याखालच्या ओळी गायब होतात. पेन्सिलीने लिहिलेली पानं तिरप्या उजेडात चमकतात. अशा वेळी वही थोडी फिरवून बघ, एका बाजूने अक्षर नीट उठून दिसेल.

सुरुवातीला भिंग मऊ सुती कापडाने पुस. वही टेबलावर सपाट ठेवून तू उभी राहा आणि फोन पानाच्या बरोबर वर, आडवा धर. तिरका धरलास तर वरच्या ओळी बारीक आणि खालच्या मोठ्या येतात. पानाचे चारही कोपरे दिसू देत, भोवती बोटभर टेबल दिसलं तरी चालेल. झूम करू नकोस, हवा तर फोनच जवळ ने. स्क्रीनवर अक्षरांवर एकदा बोट टेकव, चित्र स्पष्ट होऊ दे, मगच बटण दाब. हात थरथरत असेल तर कोपरं टेबलावर टेक, किंवा तीन सेकंदांचा टायमर लाव, म्हणजे बटण दाबताना फोन हलणार नाही.

एका फोटोत एकच पान. शिवणीकडचे शब्द आत वळलेले असतात, तिथे पान पट्टीने हलकेच दाब, पण पट्टी अक्षरांवर येऊ देऊ नकोस. वही जुनी आहे, जोर लावून उघडली तर शिवण उसवेल. तसं वाटलं तर सोडून दे, ते पान मी आले की बघू. कागद पातळ असल्यामुळे मागची शाई पुढे उमटते. त्यासाठी पानाखाली काळा कागद सरकव. पांढरा ठेवलास तर मागचं लिखाण उलट जास्त दिसतं.

पानांच्या क्रमाचं काय करायचं? वहीत काही लिहू नकोस. चिठ्ठीवर ‘वही २, पान १४’ असं ठळक लिहून ती पानाशेजारी ठेव, म्हणजे फोटोतच येईल. कोरं पान असलं तरी त्याचा फोटो काढ, नाहीतर मला वाटेल एक पान राहिलं. समासात लिहिलेलं, खोडलेलं, आत ठेवलेले कपटे, सगळं हवं. खोडलेलं तर नक्कीच.

प्रत्येक फोटो तिथल्या तिथे दोन बोटांनी मोठा करून बघ. कोपऱ्यातली शेवटची ओळ आणि मधलं एखादं टिंब तुला वाचता आलं, तर मलाही येईल. नाही आलं तर लगेच दुसरा काढ, पहिला पुसायची गरज नाही.

पाठवताना व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवलास की तो बारीक होऊन येतो. त्याऐवजी क्लिपचं चिन्ह दाबून Document निवड आणि तिथून फोटो घे. स्वतः कापू नकोस, रंग गडद करू नकोस, ते मी इथे करीन.

माणसांची आणि गावांची नावं मात्र तुझ्याशिवाय कुणाला लागायची नाहीत. जिथे शंका वाटेल तिथे पान नंबर सांगून आवाजी निरोप पाठव. आधी वही २ची पहिली चारच पानं कर, मी ती टाइप करून परत पाठवते. ती तपासून झाल्यावर पुढची घेऊ.

तुझी,
मीनू