विषय: बिल क्र. ०६१ रद्द, दुरुस्त बिल क्र. ०६४, देणे रक्कम ₹१,२८,४४६

दि. १५ नोव्हेंबर २०२५
कर्वेनगर, पुणे

प्रति,
मा. खजिनदार,
गृहरचना सोसायटी, कोथरूड

सप्रेम नमस्कार काका,

दि. १२ नोव्हेंबरला दिलेलं बिल क्र. ०६१, रक्कम ₹२,२२,४३०, मी रद्द केलं आहे. त्यावर काहीही देऊ नये. त्याऐवजी बिल क्र. ०६४, दि. १५ नोव्हेंबर, सोबत जोडलं आहे. त्याची एकूण रक्कम ₹१,८८,४४६. ऑगस्टमध्ये आपण दिलेला ₹६०,००० ॲडव्हान्स वजा जाता ₹१,२८,४४६ (अक्षरी एक लाख अठ्ठावीस हजार चारशे सेहेचाळीस फक्त) येणे आहे.

काल मी पाठवलेलं माफीपत्र कृपया फाईलला लावू नका, हेच लावा. त्यात 'काही तांत्रिक कारणामुळे रकमेत तफावत झाली, क्षमस्व' एवढंच होतं. आपण फोनवर विचारलंत, "तफावत किती, आणि आता द्यायचे किती?" त्यातलं एकही त्या पत्रात नव्हतं. आणि तांत्रिक कारणही काही नव्हतं. चूक माझ्या हातची आहे.

आपण दोघांनी टेप धरून जिन्याची मापं घेतली, त्या वहीत ए विंगसमोर ४६८० चौरस फूट असं आहे, खाली आपली सही आहे. मी रात्री बिल टाईप करताना ते ६४८० झालं. पुढचा हिशेब कॉम्प्युटरने त्याच आकड्यावर केला, त्यामुळे बेरीज चोख आली आणि मी खालची रक्कम बघून प्रिंट काढली. माप वही शेजारीच होती, उघडली नाही. दोन्ही जिने सारखे असताना ए विंग जवळपास दोन हजार फुटांनी मोठी कशी, हे आपल्या लक्षात आलं. खरं तर ते माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुरुस्त हिशेब असा:

ए विंग जिना, ४६८० चौ. फूट × ₹१६ = ₹७४,८८०
बी विंग जिना, ४५२० चौ. फूट × ₹१६ = ₹७२,३२०
गेट व ग्रिल ऑइल पेंट, ठरल्याप्रमाणे = ₹१२,५००
कामाची रक्कम = ₹१,५९,७००
सीजीएसटी ९% = ₹१४,३७३
एसजीएसटी ९% = ₹१४,३७३
एकूण = ₹१,८८,४४६

म्हणजे १८०० फूट जास्त लागले होते. त्याचे ₹२८,८०० आणि त्यावरचा जीएसटी ₹५,१८४, असे ₹३३,९८४ आपल्याकडून जादा मागितले गेले. दर आणि बाकीची मापं होती तीच आहेत. बी विंगला तळाशी मीटरची खोली असल्यामुळे तिथली भिंत थोडी कमी भरते, तेवढाच फरक दोन विंगमध्ये आहे.

टीडीएस कापताना ₹१,५९,७०० वर १% म्हणजे ₹१,५९७ धरावा, जीएसटीच्या रकमेवर नको. जुन्या बिलावर हिशेब आधीच करून ठेवला असेल तर तेवढा बदलून घ्यावा.

जुना नंबर मी पुन्हा वापरलेला नाही. ०६२ आणि ०६३ दुसऱ्या कामांना गेले, म्हणून आपलं नवं बिल ०६४. नोव्हेंबरचं जीएसटीआर-१ अजून भरायचं आहे, त्यामुळे क्रेडिट नोटची गरज पडणार नाही. ०६१ त्यात रद्द बिलांत मोजलं जाईल. ऑडिटरांनी विचारलं तर हे पत्र पुढे करावं.

०६१ ची छापील प्रत सोसायटीच्या ऑफिसात आहे, तिच्यावर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहावं. कमिटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो गेला असेल तर त्याच ग्रुपवर नवं बिलही टाकावं, नाहीतर उद्याच्या सभेत दोन आकडे फिरतील. चेक जुन्या रकमेचा लिहून झाला असल्यास तो फाडावा. 'जमा करू, फरक नंतर परत देतो' असं मला करायचं नाही.

बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावर खिडकीखाली जो डाग उमटलाय, त्याचा टच-अप मंगळवारी सकाळी माणूस येऊन करेल. त्याचा या बिलाशी संबंध नाही, पैसे आले असोत वा नसोत.

सभेच्या तोंडावर आपल्याला पुन्हा हिशेब करायला लावला, याबद्दल मनापासून माफी मागतो. सभेआधी कुणाला वही बघायची असेल तर उद्या सकाळी नऊ वाजता घेऊन येतो.

आपला नम्र,
दत्ता
पेंटिंग कॉन्ट्रॅक्टर, कर्वेनगर

सोबत: बिल क्र. ०६४, माप वहीच्या पानाची झेरॉक्स