पुडी

ढोलकीची पुडी फाटली तेव्हा आवाजसुद्धा फारसा झाला नाही. सुकं पान पायाखाली यावं तसा एक बारका चटका, आणि शाईच्या कडेनं बोटभर चीर.

सुनीलनं पाना खाली ठेवला. आदल्या रात्री वळवाचा पाऊस पडला होता आणि कौलातून आलेल्या दमटपणानं ढोलकी सैल पडली होती. सकाळी त्यानं सगळे नट आवळले, तेवढ्यात बेंजोवाल्या दिलीपचा फोन आला, ढोलकी ओट्यावरच राहिली. अकराचं ऊन सरकत सरकत तिच्यावर आलं. ओली असताना ताणलेली कातडी उन्हात आक्रसली, पण तिला आक्रसायला जागाच नव्हती. हे त्याला ठाऊक होतं. पंधरा वर्षं ढोलकी वाजवणाऱ्याला हे ठाऊक असतंच.

आतून अण्णांनी विचारलं, "काय झालं रं?"

"काय न्हाय. नट बघतुय."

अण्णांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी गेला. झटका आला, पाय सावरला, हात नाही. तमाशाच्या फडात बारा वर्षं वाजवलेला माणूस आता दिवसभर खाटेवर बसून आवाज ओळखतो. रस्त्यावरून गेलेली गाडी कुणाची, शेजारच्या घरात पडलेलं भांडं पितळेचं की स्टीलचं. ही पुडी त्यांनीच बसवलेली होती, झटक्याच्या आधी, शेवटची. सुनीलला आत जाऊन सांगवेना.

वरात संध्याकाळी सातला होती. तासगावात त्या दिवशी सात लग्नं होती. त्यानं चार ठिकाणी फोन केले, सगळ्यांच्या ढोलक्या कुठं ना कुठं गुंतलेल्या. दिलीप म्हणाला, "मिरजेला जा. माझी गाडी घे. काहीही कर, पण ढोलकीबिगर बेंजो म्हंजे नुसती तार वाजतीया बघ."

सुनीलनं सुतळीचा तुकडा घेतला, ढोलकीच्या तोंडाभोवती गुंडाळला आणि जिथं टोकं भेटली तिथं गाठ मारली. मग थांबून आणखी एक गाठ मारली, थोडी पुढं. हे खोड शिसवी होतं, आजाच्या वेळचं, आणि त्याचं तोंड पुरतं गोल नव्हतं. मग ढोलकीच पोत्यात बांधली, सुतळी खिशात ठेवली आणि निघाला.

कवठे एकंद गेलं, कवलापूर गेलं. बेदाण्याच्या शेडवरची हिरवी कापडं वाऱ्यानं फडफडत होती. माधवनगरला फाटकाशी गाड्यांची रांग लागली होती. तिथं गेलेली वीस मिनिटं त्याला सगळ्या रस्त्यापेक्षा लांब वाटली. सांगली पार करून तो मिरजेत शिरला तेव्हा दोन वाजून गेले होते.

सतारमेकर गल्लीत दुपारी सामसूम असते. एका दारात भोपळे वाळत पडले होते, सतारीसाठी. सुनीलला माहीत असलेलं तबल्याचं दुकान बंद होतं, मालकही लग्नालाच गेलेला. शेजारच्या पोरानं बोट दाखवलं तिकडं, दर्ग्याच्या बाजूला, जिन्याखालच्या एका खोलीत एक म्हातारे चाचा दगडानं शाई घोटत बसले होते. लोखंडाची पूड आणि भाताची खळ. एक थर, मग घोटणं, मग दुसरा थर. त्यांनी मान वर केली नाही.

सुनीलनं पोतं सोडलं. चाचांनी फाटलेल्या पुडीवर अंगठा फिरवला.

"उन्हात ठेवली."

"व्हय."

"वाजवायची कधी?"

"सातला. तासगावात."

चाचांनी भिंतीवर टांगलेल्या पुड्यांकडं पाहिलं. सुनीलनं सुतळी दिली. त्यांनी ती एका पुडीवर धरली, दुसऱ्यावर धरली. तिसरी दुसऱ्या गाठीपर्यंत बरोबर आली. सुनीलचा श्वास सुटला, पण चाचांनी पुडी खिळ्याला परत अडकवली.

"नवी आहे. आता बसवली तर रातभर उतरत राहणार. तुम्ही दहा मिनिटं वाजवाल, सूर खाली. परत आवळाल, परत खाली. वरातीत कितीदा आवळणार?"

"मग?"

ते उठले. कोपऱ्यात कापडाखाली एक ढोलकी होती, खोडाचा रंग हाताळून हाताळून काळपट झालेला. कापड काढून ते तिच्याकडं बघत राहिले. मग पाना घेऊन तिचे नट सोडायला लागले.

"चाचा, ही तुमची..."

"रोज सकाळी घटकाभर वाजवतो मी. चार वर्षं बसलीये ही. हिला आता कुठं उतरायचंय?" पुडी हातात घेऊन त्यांनी तिच्यावर टिचकी मारली, कान लावला. "उद्या परत आणा. न वाजवता आणलीत तर घेणार नाही."

पुढचा तासभर सुनीलला कुणी कधी शिकवलं नव्हतं ते त्यानं पाहिलं. चाचांनी ओलं फडकं पुडीच्या काठावरून फिरवलं, शाईला पाण्याचा थेंब लागू दिला नाही. कडं तोंडावर टेकवलं आणि जिथं खोड गोल नव्हतं तिथं अंगठ्यानं कातडी ओढून बसवली. आकडे लावले. एक नट पाव फेरा, मग समोरचा पाव फेरा, मग बाजूचा. मध्येच हात काढून घेत आणि काहीच न करता बसत. सुनीलचं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडं जाई. चाचा म्हणाले, "घड्याळाकडं बघून कातडी लवकर वाळत नाही." छोट्या हातोडीनं त्यांनी कडेकडेनं ठोके दिले, कान जवळ नेला आणि पहिल्यांदा हसले.

पैसे विचारले तेव्हा त्यांनी फक्त फडक्याचे दहा रुपये घेतले.

परत येताना सुनीलनं ढोलकी गाडीच्या टाकीवर, स्वतःच्या सावलीत घेतली. ऊन डावीकडून यायला लागलं तसा तो अंग तिकडं झुकवत राहिला. सव्वासहाला तासगाव. दिलीपनं बेंजोची तार छेडली, काळी एक. सुनीलनं टिचकी मारली. किंचित खाली. समोरासमोरच्या दोन नटांना केसभर फेरा. पुन्हा टिचकी. दिलीपनं नुसती मान डोलावली आणि खुळखुळावाल्या पोराला म्हणाला, "चल."

वरात गणपती मंदिराच्या गोपुरापासून निघाली. पहिल्या अर्ध्या तासात सुनील प्रत्येक थापेनंतर कान देत होता, सूर सुटतोय का. सुटला नाही. तेव्हा कुठं त्याची बोटं सैल झाली. नवरदेवाच्या मामानं दहाच्या नोटेची ओवाळणी केली, पोरं नाचताना धूळ उडाली, दिलीपनं चाल वाढवली आणि सुनील त्याच्या बरोबर गेला.

वरात त्यांच्या आळीत वळली. दारात खुर्ची टाकून अण्णा बसले होते, डावा हात गुडघ्यावर. सुनील वाजवत वाजवत कडेनं त्यांच्याजवळून गेला. अण्णांची डावी बोटं गुडघ्यावर ठेक्यात पडत होती. मग थांबली. त्यांनी मान तिरकी केली, एक आवर्तन ऐकलं, आणखी एक.

"ही माझी न्हाय," ते म्हणाले. सुनीलनं हात थांबवला नाही, फक्त खाली वाकला. बेंजोच्या आवाजात अण्णांना ओरडावं लागलं.

"नवी बी न्हाय. लई वाजवल्याली हाय. कुणाची रं?"

"मिरजेच्या एका चाचांची."

अण्णांची बोटं गुडघ्यावर परत सुरू झाली. "उद्या जाशील तवा मला बी घिऊन चल," ते म्हणाले.