उंच जलकुंभातील रोजचे निर्जंतुकीकरण : पंपघराच्या भिंतीवर लावायची क्रमवार यादी

आपल्या योजनेची मूळ कार्यपद्धती चौदा पानांची आहे. ती पंचायतीच्या कपाटात हिरव्या फाईलमध्ये असते. पहाटे साडेपाचला, हातात टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, पिशवी घेऊन, चौदा पानं चाळणं कुणालाच जमत नाही. म्हणून ती मी इथं एका जागी आणली आहे. आता पंप तुम्ही दोघं सांभाळणार, तेव्हा मी काय कमी केलं आणि कशाला हात लावला नाही, हे आधी सांगतो.

प्रस्तावना, व्याख्या, शासकीय संदर्भ, जबाबदाऱ्यांचा तक्ता आणि वर्षातून दोनदा टाकी धुण्याचा भाग मी वगळला. मूळच्या तीस पायऱ्यांच्या इथं सतरा झाल्या. त्यासाठी शेजारशेजारच्या पायऱ्या तेवढ्या जोडल्या. लांबची पायरी उचलून जवळ आणली, असं कुठंच केलेलं नाही. प्रत्येक ओळीच्या शेवटी कंसात मूळ कलमाचा क्रमांक आहे. शंका आली की फाईल उघडून ते कलम वाचा. इशारे सहाच्या सहा मुळातल्या शब्दांत आणि मुळातल्या जागी आहेत. त्यांची भाषा सरकारी वाटेल, ती तशीच राहू द्या.

याला कारण आहे. अशीच एक यादी मी पूर्वी केली होती. दिसायला नीटनेटकी व्हावी म्हणून सगळे इशारे खाली एका लाल चौकटीत गोळा केले. मदतीला आलेल्या मुलानं वरून वाचत वाचत काम सुरू केलं आणि वारा तोंडावर असताना पिशवी फोडली. चष्म्याचा इशारा त्याच्या नजरेला पडला तेव्हा डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. चूक त्याची नव्हती, माझ्या कागदाची होती. कामाआधी जे कळायला हवं ते कामाआधीच्याच ओळीत लागतं.

यादी वरच्या आळीच्या ५०,००० लिटरच्या टाकीसाठी आहे. शाळेजवळच्या टाकीला मात्रा वेगळी पडते, तिथं हा कागद वापरू नका.

तयारी

इशारा १ : विरंजक चूर्ण हाताळण्यापूर्वी रबरी हातमोजे, नाकातोंडावर मास्क व डोळ्यांवर बंद चष्मा घालणे बंधनकारक आहे. चूर्ण डोळ्यांत गेल्यास वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळे धुवावेत व त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

१. हातमोजे, मास्क, चष्मा घाला. पाण्याची भरलेली बादली हाताशी ठेवा. (४.१, ४.२)

२. गावाकडे जाणारा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का, चाक फिरवून पाहा. नुसतं बघून समाधान मानू नका. (४.३)

३. पंप चालू करा. पहिलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. गढूळ असेल तर पंप बंद करून ग्रामसेवकांना फोन करा, पुढं जाऊ नका. गढूळ पाण्यातला गाळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतू गाळाआड शाबूत राहतात. पहिल्या पावसानंतरचे आठ-दहा दिवस ही पायरी फार जपा. (४.४, ४.५)

टीसीएल मोजणं आणि कालवणं

इशारा २ : विरंजक चूर्णाचा संपर्क आम्ल, शौचालय स्वच्छता द्रव, रॉकेल, डिझेल, वंगण किंवा अन्य कोणत्याही रसायनाशी येऊ देऊ नये. आम्लाशी संपर्क आल्यास विषारी क्लोरीन वायू तयार होतो. तेलकट पदार्थांशी संपर्क आल्यास आग लागू शकते.

४. पिशवीवरची तारीख आणि तपासणीच्या चिठ्ठीवरचं क्लोरीनचं प्रमाण वाचा. २० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ती पिशवी वापरू नका, बाजूला ठेवून कळवा. (५.१)

५. वाऱ्याकडे पाठ करून पिशवी उघडा. चिठ्ठीवरच्या टक्क्यांप्रमाणे वजन करा (५.२, ५.३) :
३३ टक्के असेल तर २५० ग्रॅम,
३० टक्के असेल तर २७५ ग्रॅम,
२५ टक्के असेल तर ३३० ग्रॅम,
२० टक्के असेल तर ४१५ ग्रॅम.

इथं थोडं थांबून सांगतो, कारण सगळ्यात जास्त चुका मी याच पायरीवर पाहिल्या आहेत. आपला हिशेब १,००० लिटरला ५ ग्रॅमचा आहे, पण तो ताज्या ३३ टक्क्यांच्या पावडरचा. उन्हाळ्यात पत्र्याखाली दोन महिने पडलेली पावडर दिसायला तशीच पांढरी असते, तिच्यातला क्लोरीन मात्र उडून गेलेला असतो. ओंजळीनं किंवा चहाच्या कपानं मोजलं की रोजची मात्रा वेगळी पडते. काटा आहे, काट्यानंच मोजा. आणि वास उग्र येतो म्हणून पावडर चांगली, असं धरू नका.

६. पिशवीचं तोंड लगेच घट्ट बांधून लाकडी फळीवर ठेवा. जमिनीची ओल लागू देऊ नका. (५.४)

इशारा ३ : चूर्ण नेहमी पाण्यात टाकावे. चूर्णावर पाणी ओतू नये. धातूचे भांडे वापरू नये.

७. प्लास्टिकच्या बादलीत १० लिटर पाणी घ्या आणि मोजलेली पावडर थोडी थोडी सोडत लाकडी दांड्यानं ढवळा. गुठळी राहता कामा नये. (५.५, ५.६)

८. घड्याळ लावून १० मिनिटं बादली हलवू नका. चुना तळाशी बसू द्या. (५.७)

९. वरची निवळी झाकणाच्या कॅनमध्ये ओतून घ्या. तळाचा चुना टाकीत टाकायचा नाही; तो विहिरीपासून आणि गुरांच्या हौदापासून लांबच्या खड्ड्यात टाका. (५.८, ५.९)

टाकीवर

इशारा ४ : जलकुंभावर एकट्याने चढू नये. शिडीखाली दुसरी व्यक्ती उपस्थित असल्याशिवाय काम सुरू करू नये. कोणत्याही कारणास्तव जलकुंभाच्या आत उतरू नये. आत पडलेली व्यक्ती काढण्यासाठीही बाहेरील मदत येण्यापूर्वी उतरू नये.

हा इशारा मूळ कागदात दोनदा येतो, इथं आणि टाकी धुण्याच्या भागात. एकच ठेवावा असं मलाही वाटलं होतं. पण धुण्याचा भागच या यादीत नाही, त्यामुळे तो इथं राहिलाच पाहिजे. शेवटचं वाक्य वाचून मन घट्ट करावं लागतं, पण बंद टाकीत एकामागून एक माणसं जातात ती अशी वाचवायला उतरूनच.

१०. टाकी साधारण अर्धी भरली का, ते पातळीपट्टीवर पाहा. (६.१)

११. दोन्ही हात मोकळे ठेवून शिडी चढा. कॅन दोरीनं वर ओढून घ्या, खांद्याला अडकवून चढू नका. (६.२, ६.३)

१२. पाणी पडतंय त्या धारेवर निवळी सावकाश ओता. धारेमुळे ती आपोआप मिसळते. कोपऱ्यात ओतली तर एका बाजूला साचून राहते. झाकण लावून कुलूप घाला आणि खाली या. (६.४, ६.५)

१३. टाकी भरली की पंप बंद करा आणि तिथून ३० मिनिटं मोजा. वहीत वेळ लिहा. (६.६, ६.७)

ही ३० मिनिटं कमी करायची नाहीत. लग्न असो, जत्रा असो, सरपंचांचा फोन येवो. क्लोरीन पाण्यात पडला म्हणजे जंतू मेले असं होत नाही, त्याला वेळ लागतो. लोकांची ओरड सोसायची नसेल तर तुम्ही पंप अर्धा तास लवकर लावा.

तपासणी आणि पाणी सोडणं

इशारा ५ : ओटी द्रावण विषारी आहे. ते त्वचेला लागू देऊ नये. तपासलेले पाणी पिऊ नये व जलकुंभात किंवा विहिरीत परत टाकू नये. बाटली लहान मुलांपासून दूर कुलुपात ठेवावी.

१४. टाकीखालच्या नळाचं पाणी थोडा वेळ वाहू द्या. नळी त्याच पाण्यानं तीनदा विसळा, खुणेपर्यंत भरा, किटवर लिहिलेत तितकेच ओटी द्रावणाचे थेंब टाका आणि हलवा. १० सेकंदांच्या आत रंग पट्टीशी ताडून पाहा, पाठीमागे पांढरा कागद धरून. उशिरा पाहिलं तर रंग गडद होत जातो आणि क्लोरीन आहे त्याहून जास्त दिसतो. (७.१ ते ७.३)

इशारा ६ : चाचणीत पिवळा रंग न आल्यास पाणी वितरित करू नये.

१५. पिवळा रंग येऊन आकडा ०.५ ते १.० पीपीएममध्ये असेल तर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. १.० च्या वर असेल तर आणखी ३० मिनिटं थांबून पुन्हा तपासा. रंगच आला नाही किंवा ०.५ च्या खाली आला, तर पायरी ५ मधल्या निम्म्या मात्रेनं पायरी ५ ते १४ पुन्हा करा. टाकी भरलेली असल्यानं त्या वेळी निवळी ओतताना पंप पाच मिनिटं चालू करा. दुसऱ्यांदाही जमलं नाही तर व्हॉल्व्ह उघडू नका. ग्रामसेवक आणि आरोग्य उपकेंद्र, दोन्हीकडे कळवा. (७.४ ते ७.६)

१६. पाणी सोडल्यावर खालच्या वस्तीतल्या शेवटच्या नळावर तीच चाचणी करा. तिथं किमान ०.२ पीपीएम हवं. कमी आलं तर वाटेत कुठंतरी गळती आहे किंवा नळाचं तोंड गटारात बुडलंय असं समजून त्याच दिवशी कळवा. (७.७)

टाकीखाली आकडा बरोबर आला म्हणून ही फेरी टाळू नका. ०.२ चा आकडा भारतीय मानकात आहे आणि तो माणसाच्या हंड्यात पडणाऱ्या पाण्यासाठी आहे. कावीळ आणि गॅस्ट्रोच्या साथीत आधी पाइपच्या टोकाची घरं सापडतात. खालच्या वस्तीतल्या एक आजी मला रोज विचारायच्या, "बाबा, आज पिवळं आलं का?" आता तुम्हाला विचारतील.

१७. तारीख, पिशवीचा गट क्रमांक, वजन, निवळी ओतल्याची वेळ, पाणी सोडल्याची वेळ आणि दोन्ही ठिकाणचे आकडे वहीत लिहून सही करा. शून्य आला असेल तर शून्यच लिहा. बादली आणि दांडा धुऊन पालथे घाला. (८.१, ८.२)

मूळ कागदात आणि या यादीत कुठं फरक दिसला तर मूळ कागद खरा. मात्रा, वेळ किंवा इशारा बदलायचा झाला तर आधी हिरव्या फाईलमध्ये बदल होऊन त्यावर ग्रामसेवकांची सही येईल, मग ही यादी नव्यानं लिहायची. भिंतीवरच्या कागदावर पेननं खाडाखोड करू नका. एक प्रत पंपघरात, एक टाकीखालच्या पेटीत ठेवली आहे. पेटीतली पावसानं भिजते, म्हणून ती प्लास्टिकमध्ये घातली आहे. ते प्लास्टिक जूनच्या आधी बदला.