काका, पत्र नीट वाचलं. लुबाडलेलं नाही, पण टीव्हीच्या हिशेबात चूक आहे

प्रिय सुहासकाका,

सा. न.

पाइप फुटून तुमचं घर भिजलं त्या क्लेमवर विमा कंपनीने पाठवलेल्या पत्राची तिन्ही पानं काल रात्री वाचली. "19,900 डॉलरचं नुकसान आणि हातात 14,110? बाकीचे 5,790 गेले कुठे?" हा तुमचा प्रश्न बरोबरच आहे. पत्र लिहिणाऱ्याने ते सरळ एका ओळीत सांगायला हवं होतं. मी इथे पुण्यात बसून सहा वर्षं अमेरिकेतलेच घरांचे क्लेम तपासते. तेव्हा हिशेब माझ्याकडून ऐका, आणि तोवर नुकसान मोजणाऱ्या त्या ॲडजस्टरला रागाचा ईमेल पाठवू नका.

कापलेली रक्कम एकाच जातीची नाही, हे आधी लक्षात घ्या. त्यातले 1,000 कधीच परत येणार नाहीत. 2,550 कंपनीने सध्या मागे ठेवलेत, ते तुम्हाला मिळू शकतात. 2,090 गेले, पण त्यातले थोडे चुकीने गेलेत. उरलेले 150 तुमच्या मर्जीचे.

1,000 म्हणजे डिडक्टिबल. पुण्यात गाडीच्या क्लेममध्ये आपण ज्याला एक्सेस म्हणतो तेच. पॉलिसी घेताना "पहिले हजार माझे" हे तुम्हीच कबूल केलंत आणि त्या बदल्यात हप्ता कमी बसला. 14 जानेवारीला पाइप फुटला ती घटना एक, म्हणून छत, फरशी आणि सामान मिळून हा हजार एकदाच कापलाय. पत्रातही तो एकदाच आहे, मी मुद्दाम पाहिलं. तुमचा कॉन्ट्रॅक्टर कदाचित म्हणेल, "डिडक्टिबलची काळजी सोडा, बिलात ॲडजस्ट करतो." त्याला नाही म्हणा. फुगवलेलं बिल कंपनीला पाठवणं म्हणजे फसवणूक, आणि क्लेमच्या कागदांवर सही तुमची असते.

आता मोठी रक्कम, डेप्रिसिएशन. आपल्या हिशेबनीसांच्या भाषेत घसारा. पत्रात त्याचे दोन आकडे दोन वेगळ्या पानांवर आहेत, आणि सगळा घोळ तिथेच झालाय.

दुसऱ्या पानावर इमारतीचा हिशेब आहे. पाणी उपसून घर वाळवायला 2,800, छत आणि रंग 5,200, हॉलची लाकडी फरशी 7,400, एकूण 15,400. हा आजच्या भावाने सगळं नव्याने करण्याचा खर्च. फरशीचं आयुष्य त्यांनी 40 वर्षं धरलंय, तुमची 10 वर्षं जुनी, म्हणून चौथा हिस्सा, 1,850, घसारा. छताच्या खर्चातला रंगाचा भाग 1,400 चा. रंगाचं आयुष्य 10 वर्षं, तुमचा 5 वर्षांचा, म्हणून 700. वाळवण्याच्या कामाला घसारा नाही. एकूण 2,550. या आकड्यासमोर "रिकव्हरेबल" असं छापलंय. काका, सगळ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा शब्द तोच, आणि तुम्ही पेनने अधोरेखित केलाय भलताच.

त्याचा अर्थ असा, की आत्ता तुम्हाला जुन्या फरशीची किंमत दिली. नवी खरंच बसवून बिलं पाठवलीत की उरलेले पैसे सुटतील. पुण्यात गाडीचा बंपर बदलला की प्लॅस्टिक म्हणून निम्मा घसारा कापतात आणि घसारा माफ करणारी झिरो डेप पुरवणी नसेल तर तो कायमचा जातो. तुमच्या मनात तेच बसलंय. तुमच्या पॉलिसीत इमारतीपुरतं तसं नाही. पण दोन अटी आहेत. पत्राच्या तळाशी बारीक टायपात 13 जुलै 2025 ही तारीख आहे, घटनेपासून 180 दिवस. तोवर "मी दुरुस्ती करून उरलेली रक्कम मागणार आहे" असं लेखी कळवायचं. आजच कळवून टाका. दुसरी अट म्हणजे खर्च खरंच झाला पाहिजे. समजा सगळं काम 15,400 ऐवजी 14,000 त उरकलं, तर 2,550 पूर्ण मिळणार नाहीत, 1,150 मिळतील. खर्चापेक्षा जास्त कंपनी देत नाही. आणि दुरुस्ती केलीच नाहीत तर काहीच नाही.

तिसऱ्या पानावरचं सामान मात्र वेगळं. सोफा 2,000, टीव्ही 900, जेवणाचं टेबल 1,600. तुमच्या पॉलिसीत सामानाला नव्याची किंमत देणारी पुरवणी नाही, म्हणून घसारा गेलेली किंमतच अंतिम. सोफ्याचे 1,000, टीव्हीचे 450, टेबलाचे 640, मिळून 2,090, आणि समोर "नॉन-रिकव्हरेबल". पुढच्या नूतनीकरणाला ती पुरवणी किती पैशांत मिळते ते विचारा.

आणि इथेच चूक आहे. टीव्ही त्यांनी 3 वर्षांचा धरलाय, आयुष्य 6 वर्षं, म्हणून निम्मा कापला. पण तो तुम्ही 2023 च्या ब्लॅक फ्रायडेला घेतलात. काकूने रांगेतला फोटो आमच्या ग्रुपवर टाकला होता, मला पक्कं आठवतंय. म्हणजे घटनेच्या दिवशी तो जेमतेम 14 महिन्यांचा. पूर्ण झालेलं एकच वर्ष धरलं तर घसारा 150 बसतो. 300 डॉलर तुमचे आहेत, आणि ते नंतर सुटणारे नाहीत, म्हणून आत्ताच भांडायचे. दुकानाच्या खात्यातून पावती काढा आणि क्लेम नंबर घालून दोन ओळी लिहा: टीव्ही अमुक तारखेला घेतला, पावती जोडली आहे, घसारा पुन्हा मोजावा. आरडाओरडा नको, पावती पुरते.

राहिले 150. ते टेबलाचं सॅल्व्हेज, म्हणजे मोडीची किंमत. सोनाराकडे जुनी बांगडी मोडीत दिली की तो सोन्याची किंमत देतो आणि बांगडी ठेवून घेतो. "पैसे द्या, बांगडीही द्या" असं आपण म्हणत नाही. तसंच इथे. कंपनीने टेबल पूर्ण गेलं असं धरून 960 मोजले. मग उरलेल्या लाकडावर हक्क तिचा. तुम्ही ते ठेवून घेतो म्हणालात, म्हणून त्याचे 150 वजा करून 810. सोफ्यापुढे शून्य आहे, कारण भिजलेल्या सोफ्याला कुणी विचारत नाही. टेबल नको असेल तर कळवा, ते उचलून नेतील आणि 150 परत जमा होतील. तोवर ते फेकू नका, कुणाला देऊही नका. माझं मत विचाराल तर ठेवा. पुण्याहून कंटेनरने नेलेलं सागवान 150 ला कुठे मिळतंय? पाय फुगलेत ते सुतार तासून देईल.

चेक दोन येतील. सामानाचा 2,260 चा फक्त तुमच्या दोघांच्या नावे. इमारतीचा 11,850 चा, आणि त्यावर तुमच्या कर्जाच्या बँकेचंही नाव असेल. घाबरू नका, घरावर कर्ज असलं की तसंच असतं. पण बँकेची सही झाल्याशिवाय तो वटणार नाही आणि त्यात आठवडे जातात, म्हणून कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्सची तारीख देण्याआधी बँकेला फोन करा. चेक वटवला म्हणजे टीव्हीचा वाद सोडला असं होत नाही. फक्त सोबत "पूर्ण व अंतिम तडजोड" असा कागद सहीला आला तर सही करण्याआधी मला फोटो पाठवा.

पावती सापडली की कळवा. मी इथे रात्री अकरापर्यंत जागी असते.

तुमची,
मृणाल