अंदाजपत्रकाचा आधार: 3,000 टन बेदाणा शीतगृह, तासगाव तालुका (जि. सांगली)

आवृत्ती 2. आधार तारीख 30 जून 2025. संचालक मंडळ आणि कर्ज देणाऱ्या बँकेसाठी.

काय धरले आहे

प्रत्येकी 750 टनांच्या चार खोल्या, म्हणजे 15 किलोच्या साधारण 2 लाख पेट्या. सोबत प्रतवारी व पॅकिंगचा हॉल, अमोनियावर चालणारे शीतयंत्र (दोन कॉम्प्रेसर चालू, एक राखीव), रॅक, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, आवारातला रस्ता आणि बोअर. मूळ खर्च 1,290 लाख रुपये: स्थापत्य 412, शेड व पफ पॅनेल 268, शीतयंत्र 286, विद्युत व सौर 138, रॅक व हाताळणी 94, अग्निशमन व अमोनिया गळती सूचक 32, डिझाइन व देखरेख 60.

परिमाणे कुठून आली

काँक्रीट 1,140 घनमीटर आणि पॅनेल 3,480 चौरसमीटर हे दोन्ही वास्तुविशारदाच्या नकाशांवरून मोजले आहेत. सळईचे नकाशे अजून तयार नाहीत. म्हणून सळई घनमीटरला 95 किलो धरून 108 टन काढली. हा आकडा मोजलेला नाही, गुणोत्तराचा आहे, हे लक्षात ठेवावे. शीतयंत्राचा भार खोलीत रोज येणाऱ्या मालावरून काढून तीन पुरवठादारांची कोटेशने घेतली. त्यांतले मधले धरले आहे, कारण सर्वांत कमी कोटेशनमध्ये राखीव कॉम्प्रेसरच नव्हता.

स्थापत्याचे दर सार्वजनिक बांधकाम विभागाच्या 2022-23 च्या दरसूचीवर आहेत. सिमेंट, सळई, खडी आणि क्रश सँड यांना मात्र जून 2025 चा तासगाव-मिरजेचा बाजारभाव लावला आहे.

सगळ्यात कच्चा आकडा पायाचा आहे. जागेवर तीन खड्डे घेतले. रस्त्याकडच्या खड्ड्यात 1.1 मीटरवर मुरूम लागला, मधल्यात 2.4 मीटरवर. ओढ्याकडच्या कोपऱ्यात जेसीबी 3 मीटर खाली गेला तरी काळी मातीच निघत होती आणि तळाशी पाणी पाझरत होते. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर फरशी टाकली तर वर्षभरात तडा जाणार, आणि शीतगृहात फरशीच्या तड्याबरोबर खालचे इन्सुलेशनही जाते. अंदाजात पायाची खोली सरासरी 1.8 मीटर धरली आहे. मृद परीक्षणाचा अहवाल येईपर्यंत याहून खात्रीने बोलता येत नाही.

कंटिंजन्सी: 102.26 लाख (मूळ खर्चाच्या 7.9 टक्के)

सरसकट 10 टक्के लावण्याची पद्धत इथे टाळली आहे. जिथे माहिती कमी, तिथे राखीव रक्कम जास्त. पाया व मातीकाम (140 लाख) 20 टक्के, उरलेले स्थापत्य 8, शेड व पॅनेल 7, शीतयंत्र 5, बाकी सर्व 6 टक्के.

ही रक्कम धरलेल्या कामातल्याच अनिश्चिततेसाठी आहे, कामात भर घालण्यासाठी नाही. मागे मी पाहिलेल्या एका शीतगृहाच्या कामात पहिल्याच महिन्यात कंटिंजन्सीतून आवारभिंत बांधून घेतली. नंतर पायात पाणी लागले तेव्हा हातात काही उरले नव्हते आणि काम दोन महिने थांबले. म्हणून माझी विनंती आहे की यातला प्रत्येक रुपया मंडळाच्या लेखी मंजुरीनेच खर्ची पडावा.

भाववाढ: 42.46 लाख

आधार तारखेपासून त्या-त्या कामाच्या मध्यापर्यंत धरली आहे. स्थापत्य नोव्हेंबर 2025 ते ऑगस्ट 2026, मध्य 9 महिन्यांवर, वर्षाला 6 टक्के: 18.54. शेड व पॅनेल 8 महिने, 6 टक्के: 10.72. रॅक, विद्युत व अग्निशमन 12 महिने, 5 टक्के: 13.20. शीतयंत्राला भाववाढ धरलेली नाही, कारण कोटेशन 30 सप्टेंबर 2025 पर्यंत बांधील आहे. तोवर ऑर्डर गेली नाही, तर हा आकडा पुन्हा काढावा लागेल. डिझाइन शुल्क ठरीव आहे.

एकूण 1,434.72 लाख. आजच्या माहितीवर प्रत्यक्ष खर्च यापेक्षा 10 टक्के कमी ते 20 टक्के जास्त निघू शकतो, म्हणजे अंदाजे 1,291 ते 1,722 लाख.

काय धरलेले नाही

जमिनीची किंमत, बांधकाम काळातले कर्जाचे व्याज, खेळते भांडवल आणि बेदाणा खरेदीचा पैसा. सुरुंग लावून खडक फोडणे. महावितरणची 600 मीटरपुढची वाहिनी. अतिवृष्टी, पूर किंवा मंजुरीला झालेला उशीर यांमुळे वाढणारा खर्च.

जीएसटीही यात नाही. बांधकामावरच्या जीएसटीची वजावट सहसा मिळत नाही, तेव्हा तो खर्च खरा आहे. बँकेला प्रकल्प खर्च दाखवताना तो कर सल्लागाराकडून काढून जोडावा. उलट शासकीय अनुदान मिळेल असे गृहीत धरून एक रुपयाही वजा केलेला नाही. ते आले तर कर्ज कमी होईल, अंदाज नाही.

मृद परीक्षण अहवाल आणि सळईचे नकाशे हाती आल्यावर आवृत्ती 3 निघेल. तोपर्यंत पायाची निविदा काढू नये.