सूचना : गणेशोत्सव, भाद्रपद शके १९४७

दि. २० ऑगस्ट २०२५

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, चतुर्थी मंगळवारी दुपारीच लागते. पण मध्यान्हकाळी ती बुधवारी असल्याने प्राणप्रतिष्ठा बुधवारीच होईल.

बुध. २७ ऑगस्ट, शुद्ध चतुर्थी : प्रतिष्ठापना स. ११.३०
गुरु. २८, पंचमी : अथर्वशीर्ष आवर्तने सायं. ६
शुक्र. २९, षष्ठी : मुलांची चित्रकला सायं. ५
शनि. ३०, सप्तमी : करमणूक रात्री ८
रवि. ३१, अष्टमी : महिलांचे कार्यक्रम रात्री ८. गौरी आवाहन घरोघरी सायं. ५ पूर्वी उरकावे, नंतर अनुराधा संपते.
सोम. १ सप्टेंबर, नवमी : गौरीपूजन, हळदीकुंकू सायं. ६
मंगळ. २, दशमी : उत्तरपूजा दु. ४, विसर्जन सायं. ५

रोजची आरती स. ८ व रात्री ७.३०. ध्वनिक्षेपक रात्री १० ला बंद, शनिवारीही. घरच्या मूर्ती आवारातील हौदात विसर्जित करता येतील. मात्र हार, दूर्वा, कापड आधी काढून निर्माल्य कलशात टाका, नाहीतर हौदाचा निचरा तुंबतो. रोषणाईची जोडणी जिन्याच्या दिव्यांवरून घेऊ नये. भार वाढला की जिना अंधारात जातो आणि लिफ्टही थांबते. प्रसादाची पाळी लावायची असल्यास सोमवार दि. २५ पर्यंत वॉचमनकडील वहीत नाव लिहावे.

सचिव, व्यवस्थापक समिती